नऊ कॅन्डलचा चार्ट: नव्याने लिस्ट झालेला शेअर कसा वाचायचा

मोठा आयपीओ बाजारात आला की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एक प्रश्न हमखास येतो: "चार्ट काय म्हणतो?" चार्टवर असतात नऊ किंवा फार तर चौदा कॅन्डल, दिवसाला एक. जुना टॉप नाही, जुना सपोर्ट नाही, 200 दिवसांची सरासरी यायला अजून नऊ-दहा महिने. तरीही लोक त्यावर ट्रेंडलाइन मारतात, आरएसआयसारखे इंडिकेटर लावतात आणि मत बनवतात.

एवढ्याशा चार्टमधूनही काही कळतं. मात्र जुन्या शेअरचा चार्ट वाचताना जे शोधायचं असतं ते इथे सापडत नाही. इथे कंपनी चांगली की वाईट हा प्रश्न जवळपास बाजूला ठेवावा लागतो. पहिले काही आठवडे भाव ठरतो तो शेअर कोणाच्या हातात आहे आणि त्या हातांना तो किती दिवस धरून ठेवायचा आहे यावर.

## आधी इंडिकेटर काढून टाका

50 दिवसांची साधी सरासरी काढायला 50 दिवस लागतात. तेवढे दिवस झाले नसतील तर प्रामाणिक सॉफ्टवेअर रेघ काढतच नाही. अडचण एक्स्पोनेन्शियल, म्हणजे ताज्या भावांना जास्त वजन देणाऱ्या, सरासरीची आहे. काही चार्टिंग सॉफ्टवेअरमध्ये तिची गणना पहिल्याच दिवसाच्या बंद भावापासून सुरू होते आणि स्क्रीनवर रेघ छान गुळगुळीत दिसते. 50 दिवसांची अशी सरासरी 20 दिवसांनी पाहिली, तर तिच्यात निव्वळ त्या पहिल्या बंद भावाचं वजन सुमारे 45 टक्के असतं. म्हणजे "भावाने सरासरीवर सपोर्ट घेतला" असं जे वाटतं, त्यात निम्मा वाटा लिस्टिंगच्या दिवशीच्या गोंधळाचा असतो.

त्यापेक्षा चार गोष्टी कागदावर लिहून ठेवाव्यात: इश्यूचा भाव, पहिल्या दिवसाचा उच्चांक, पहिल्या दिवसाचा नीचांक आणि लिस्टिंगपासूनची व्हॉल्यूमनुसार सरासरी किंमत, म्हणजेच अँकर्ड व्हीडब्ल्यूएपी. ही शेवटची गोष्ट अवघड वाटते, पण हिशोब शाळेतला आहे. समजा पहिल्या दिवशी सरासरी 120 च्या भावाने 50 लाख शेअर्सचे सौदे झाले, दुसऱ्या दिवशी 110 ने 20 लाख आणि तिसऱ्या दिवशी 105 ने 10 लाख. भाव गुणिले संख्या यांची बेरीज करून एकूण 80 लाखांनी भागलं की 115.6 येतात. बाजारातून घेणाऱ्यांची सरासरी खरेदी साधारण तिथे आहे. तिसऱ्या दिवशीच्या 105 वर ते सरासरी 9 टक्के तोट्यात आहेत. भाव वर येऊन 115 ला टेकला की "सुटलो एकदाचे" म्हणत विकणारे तिथेच भेटतील.

हा आकडा काटेकोर नाही. एकच शेअर दिवसातून पाच वेळा हात बदलला तर तो पाच वेळा मोजला जातो. तरी लोक कुठे अडकले आहेत याचा अंदाज घ्यायला, या वयाच्या चार्टसाठी तरी, याच्याहून बरं साधन मला माहीत नाही.

## पहिल्या दिवशी विकतं कोण आणि घेतं कोण

आयपीओत ज्यांना शेअर मिळतात त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना कंपनीत रस नसतो, त्यांना लिस्टिंगचा नफा हवा असतो. समोर उभे असतात ते ज्यांना अलॉटमेंट मिळाली नाही, किंवा मागितले त्यापेक्षा कमी मिळाले. पहिल्या दिवशी या दोघांची गाठ पडते आणि म्हणूनच त्या दिवशीचा व्हॉल्यूम अचाट असतो. गूगलने ऑगस्ट 2004 मध्ये सुमारे 1.96 कोटी शेअर्स विकले आणि लिस्टिंगच्या एका दिवसात 2.2 कोटींहून जास्त शेअर्सचे सौदे झाले. कागदावर पाहिलं तर आख्खा इश्यू एका दिवसात हातोहात गेला.

गाडी सुटायच्या आधी डबा खच्चून भरलेला दिसतो, पण त्यातले अर्धे सोडायला आलेले असतात. शिट्टी झाल्यावर ते उतरतात आणि प्रवास करणारे किती, ते तेव्हा कळतं. नव्या शेअरचे पहिले तीन-चार आठवडे म्हणजे ही उतराउतर.

यात एक तिसरा खेळाडू असतो, जो चार्टवर दिसतो पण ओळखू येत नाही. तो म्हणजे अंडररायटर, इश्यू विकून देणारी बँक. अनेक देशांत बँकेला ग्रीनशू नावाची सोय असते. इश्यूपेक्षा साधारण 15 टक्के जास्त शेअर्स ती आधीच विकून टाकते. भाव वर गेला तर ते जादा शेअर्स ती कंपनीकडून इश्यूच्या भावाने घेते. भाव इश्यूच्या खाली घसरायला लागला तर तेच शेअर्स ती बाजारातून विकत घेते आणि त्या खरेदीने भावाला आधार मिळतो. हे कायदेशीर आहे आणि ऑफर डॉक्युमेंटमध्ये लिहिलेलंही असतं. आपल्यासाठी मुद्दा इतकाच की पहिल्या दिवसांतला एखादा भक्कम सपोर्ट म्हणजे एकाच मोठ्या खरेदीदाराची ऑर्डर असू शकते. भाव पुन्हा पुन्हा नेमका इश्यूच्या आकड्यावर येऊन थांबत असेल, एक पैसा खाली जात नसेल आणि तिथे व्हॉल्यूम फुगत असेल, तर तो नैसर्गिक तळ मानू नये.

## मग बेस कशाला म्हणायचं

लिस्टिंगनंतर भाव एक उच्चांक करतो, तिथून मागे येतो आणि काही आठवडे एका पट्ट्यात फिरतो. या थांब्याला बेस म्हणतात आणि त्या उच्चांकावर बंद होऊन बाहेर पडण्याला ब्रेकआउट. जुन्या शेअरमध्ये बेस पक्का व्हायला दोन-तीन महिने किंवा त्याहून जास्त लागतात. नव्या शेअरमध्ये तीन ते पाच आठवड्यांचा बेसही धरतात, कारण इथे उतराउतर लवकर आटोपते: बाजारात फिरणारे शेअर्स, म्हणजे फ्लोट, कमी असतो. गूगलच्या आयपीओत कंपनीचे जेमतेम 7 टक्के शेअर्स विकले गेले होते. बाकीचे लॉक-इनमध्ये, म्हणजे ठरावीक काळ विकायला बंदी असलेले.

बेस आहे की नुसती घसरण थांबलीय, हे मी तीन गोष्टींवरून पाहतो. पहिली, भाव उच्चांकापासून किती खाली आला. नव्या शेअरमध्ये 25-30 टक्के घसरणही खपून जाते, पण जितकी कमी तितकं बरं. दुसरी, पट्टा आवळत जातो का: पहिल्या आठवड्यात दिवसाचा भाव दहा रुपये हलत असेल तर चौथ्या आठवड्यात तीन. तिसरी आणि सगळ्यात बोलकी गोष्ट, भाव पट्ट्याच्या तळाशी असताना व्हॉल्यूम आटतो का. तळाशी व्हॉल्यूम आटला म्हणजे ज्यांना विकायचं होतं ते विकून मोकळे झाले.

साप्ताहिक चार्टवर आठवडे मोजताना एक बारीकसा घोळ होतो. लिस्टिंग सोमवारी होईलच असं नाही. गूगल गुरुवारी लिस्ट झाला, फेसबुक शुक्रवारी. त्यामुळे पहिली साप्ताहिक कॅन्डल एकाची दोन दिवसांची, दुसऱ्याची एकाच दिवसाची. "पाच आठवड्यांचा बेस" म्हणण्याआधी सौद्यांचे दिवस मोजावेत.

## गूगल, 2004: अठरा दिवस

19 ऑगस्ट 2004. इश्यूचा भाव 85 डॉलर. कंपनीने आधी 108 ते 135 असा पट्टा जाहीर केला होता, मागणी कमी दिसल्यावर तो 85 ते 95 वर आणला आणि शेवटी त्याचंही खालचं टोक घेतलं. म्हणजे वातावरण काही फार उत्साहाचं नव्हतं. शेअर 100 ला उघडला आणि 100.34 ला बंद झाला. तिसऱ्या दिवशी, सोमवारी 23 ऑगस्टला, 113.48 चा उच्चांक झाला आणि भाव मागे फिरला. (आजच्या चार्टवर हे आकडे दिसणार नाहीत. मधल्या काळात शेअरचं विभाजन झालंय, त्यामुळे जुने भाव कितीतरी लहान होऊन दिसतात. हे त्या वेळचे भाव आहेत.)

आता 113.48 ही आपली रेघ. पुढचे दिवस पाहा. 30 ऑगस्टला बंद भाव 102 वर आला. तिथून 9 सप्टेंबरपर्यंतचे आठही बंद भाव 100 ते 102.5 यांच्या दरम्यान आहेत. आठ दिवसांत बंद भाव जेमतेम अडीच डॉलरच्या पट्ट्यात फिरला. सर्वांत खालचा बंद भाव 3 सप्टेंबरचा, 100.01. उच्चांकापासूनची घसरण सुमारे 12 टक्के, जी नव्या शेअरसाठी उथळच. व्हॉल्यूमही आटला: पहिल्या दिवशी 2.2 कोटी शेअर्सचे सौदे, सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात काही दिवशी त्याच्या एक दशांशाच्या आसपास.

याच काळात आणखी एक गोष्ट घडली, जी चार्टवर लिहिलेली नाही. गूगलचं लॉक-इन टप्प्याटप्प्याने सुटणार होतं आणि पहिला टप्पा, साधारण 45 लाख शेअर्सचा, सप्टेंबरच्या अगदी सुरुवातीला होता. विकायला नवे शेअर्स मोकळे झाले आणि भाव 100 च्या खाली बंद झाला नाही. भाव पडायला सबळ कारण होतं, तरी तो पडला नाही, आणि नव्या चार्टवर याहून मोलाची माहिती क्वचितच मिळते. कोणीतरी ते शेअर्स निमूटपणे उचलत होतं.

मग 10 तारखेपासून व्हॉल्यूम पुन्हा वाढायला लागला आणि बंद भाव चढत गेले: 105, 107, 111, 112. गुरुवारी 16 सप्टेंबरला 113.97 ला बंद, म्हणजे रेघेच्या वर. दुसऱ्या दिवशी 117.49. उच्चांकाच्या दिवसापासून ब्रेकआउटच्या दिवसापर्यंत सौद्यांचे दिवस 18.

113.48 च्या वर जाण्याला इतकं महत्त्व का, तर तिथे अडकलेला कोणीही नाही. जुन्या शेअरमध्ये वरच्या भावांवर वर्षा-दोन वर्षांपूर्वी अडकलेले लोक बसलेले असतात आणि भाव तिथे गेला की ते विकतात. नव्या शेअरच्या आयुष्यातल्या सर्वोच्च भावाच्या वर प्रत्येक धारक नफ्यात असतो, घाईने विकायचं कारण कोणालाच नसतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला गूगल 200 च्या वर जाऊन आला. मध्ये, 21 ऑक्टोबरला, लिस्टिंगनंतरचा पहिला तिमाही निकाल आला आणि दुसऱ्या दिवशी शेअर 15 टक्के उसळला.

## फेसबुक, 2012: बेससारखं दिसणारं काहीतरी

18 मे 2012. इश्यूचा भाव 38 डॉलर, विकलेले शेअर्स 42.1 कोटी. गूगलच्या मानाने अवाढव्य. नॅसडॅकच्या तांत्रिक बिघाडामुळे सौदे उशिरा सुरू झाले, शेअर 42.05 ला उघडला, 45 पर्यंत गेला आणि मग घसरत घसरत 38 वर येऊन थांबला. दिवसाचा नीचांक नेमका 38. बंद भाव 38.23. अंडररायटर 38 चा भाव सांभाळत होते हे तेव्हा सगळीकडे छापून आलं. ग्रीनशूबद्दल वर सांगितलेली खूण इथे अगदी पुस्तकी स्वरूपात दिसते. पुढच्या सोमवारी तो हात निघाला आणि शेअर 11 टक्के पडून 34.03 वर बंद झाला.

6 जूनला 25.52 चा नीचांक झाला. मग भाव उठला आणि दोन आठवड्यांत 33 पर्यंत आला. जूनच्या शेवटी चार्ट पाहणाऱ्याला गोल तळ, वर येणारा भाव, सहा आठवड्यांचा काळ असं सगळं दिसत होतं. "बेस तयार होतोय" म्हणायला पुरेसं.

पण रेघ कुठे होती? 45 वर. 33 वर असलेला भाव त्या रेघेपेक्षा 27 टक्के खाली होता आणि तळ 43 टक्के खाली. शिवाय लिस्टिंगच्या एकाच दिवशी 57 कोटींच्या आसपास शेअर्सचे सौदे झाले होते, सगळे 38 ते 45 मध्ये. म्हणजे 33 च्या वरच्या प्रत्येक पायरीवर तोट्यातला, सुटकेची वाट पाहणारा धारक उभा होता. जूनमधली ती हालचाल घसरणीतली विश्रांती होती. पट्ट्याच्या खालच्या अर्ध्यात रेंगाळणारा नवा शेअर बेस करत असतोच असं नाही, बहुतेक वेळा तो पुढच्या घसरणीसाठी दम घेत असतो.

जुलैच्या शेवटी पहिला तिमाही निकाल आला, 27 जुलैला शेअर सुमारे 12 टक्के पडून 23.71 वर बंद झाला. सप्टेंबरच्या सुरुवातीला 17.55 चा नीचांक झाला.

कंपनी दोन्हींकडे चांगलीच होती, हे आज आपण जाणतो. पण जून 2012 मध्ये चार्ट कंपनीबद्दल काही सांगतच नव्हता. 42 कोटी शेअर्स एका दमात बाजारात आले आणि ते पचायला वेळ लागणार होता, एवढंच तो सांगत होता.

## "चार आठवड्यांच्या चार्टवर विश्वास ठेवायचाच कसा?"

रास्त शंका आहे. पूर्ण विश्वास ठेवू नयेच. गूगलचं उदाहरण सगळे देतात, मीही दिलं, कारण ते यशस्वी झालं. तसाच सुबक बेस करून ब्रेकआउटनंतर आठवड्याभरात कोसळलेले शेअर्स कोणी लक्षात ठेवत नाही. अमेरिकेतल्या आयपीओंवर झालेल्या अभ्यासांत, इश्यूनंतरच्या तीनेक वर्षांत अशा कंपन्यांनी सरासरीने बाजारापेक्षा कमी परतावा दिल्याचं वारंवार दिसलं आहे. म्हणजे सुरुवातीपासून पारडं आपल्या बाजूला नसतं. पहिला बेस वाचण्याचा उपयोग मुख्यतः नको ते शेअर्स टाळायला होतो. भाव पहिल्या उच्चांकाच्या रेघेजवळही फिरकत नसेल तर तो विषय तिथेच संपतो, आणि बहुसंख्य नवे शेअर्स याच चाळणीत गळतात.

जे उरतात त्यांत फसलेला ब्रेकआउट ओळखणं तितकं अवघड नाही. भाव रेघेवर बंद झाला आणि दोन-तीन दिवसांत पुन्हा रेघेच्या बराच खाली बंद झाला, तर आधी आलेले खरेदीदार टिकणारे नव्हते. वर जाताना व्हॉल्यूम किरकोळ आणि खाली येताना जोरदार असेल तर शंकाच नको. दिवसभर रेघेच्या वर राहून शेवटच्या तासात खाली आलेला भाव ब्रेकआउट म्हणून धरूच नये. बंद भाव पाहावा.

तोटा किती सोसायचा हे आधी ठरवावं लागतं, कारण मागचा चार्ट आधाराला नसतो. गूगलमध्ये 114 ला घेतलं असं धरू. बेसचा तळ 100 म्हणजे 12 टक्के खाली, एवढं थांबणं जास्त होतं. 105 ला बाहेर पडायचं ठरवलं तर जोखीम 8 टक्के. एका सौद्यात एकूण भांडवलाचा 1 टक्काच घालवायची तयारी असेल, तर त्या शेअरमध्ये भांडवलाचा साडेबारा टक्क्यांपेक्षा जास्त भाग बसत नाही. मी म्हणेन त्याच्याही निम्माच घ्यावा. नवा शेअर पहिल्या निकालाला रात्रीतून 10-15 टक्के हलतो, वर जातो तसा खालीही, आणि 105 चा स्टॉप लावलेला असला तरी सकाळी 98 चाच भाव समोर येऊ शकतो.

## "मग पहिल्याच दिवशी घेतलं तर काय बिघडलं?"

कधी काहीच बिघडत नाही. गूगल पहिल्या दिवशी 100 ला मिळत होता आणि 114 ला घेण्यापेक्षा ते स्वस्तच होतं. पण फेसबुक पहिल्या दिवशी 42 ला मिळत होता आणि त्या दिवशी या दोन चार्टमध्ये फरक करायला काहीही हाताशी नव्हतं. वरचे 14 डॉलर म्हणजे अठरा दिवसांच्या माहितीची किंमत. ती महाग वाटते, पण 45 च्या रेघेची वाट पाहणाऱ्याला 2012 च्या उन्हाळ्यात फेसबुक घ्यावाच लागला नसता.

जिथे दररोजच्या भाववाढीला मर्यादा असते आणि शेअर रोज त्या मर्यादेला टेकून बंद होतो, तिथे मात्र वाचण्यासारखं काही नसतं. सौदेच होत नाहीत, तर बेस कुठला. थेट लिस्टिंगचंही वेगळंच असतं. स्पॉटिफाय 2018 मध्ये असाच आला, नवे शेअर्स न विकता आणि लॉक-इनशिवाय. तिथे इश्यूचा भाव नसतो, तो सांभाळणारा अंडररायटर नसतो आणि जुने धारक पहिल्या दिवसापासून विकू शकतात.

## कॅलेंडर चार्टच्या शेजारी ठेवा

नव्या शेअरबाबत एक सोय अशी की पुढचा पुरवठा कधी येणार हे आधीच छापलेलं असतं. लॉक-इन संपण्याच्या तारखा ऑफर डॉक्युमेंटमध्ये असतात. अमेरिकेत कंपनीचे कर्मचारी आणि जुने गुंतवणूकदार यांच्यावर साधारण 180 दिवसांचं बंधन करारानेच येतं. काही कंपन्या ते टप्प्यांत सोडतात. भारतात 2022 पासून अँकर गुंतवणूकदारांचे, म्हणजे इश्यू खुला होण्याआधीच शेअर्स घेणाऱ्या मोठ्या संस्थांचे, निम्मे शेअर्स 30 दिवसांनी आणि उरलेले 90 दिवसांनी मोकळे होतात. या तारखा चार्टवर उभ्या रेघा मारून ठेवाव्यात आणि शेजारी किती शेअर्स सुटणार तेही लिहावं. त्या आकड्याची तुलना हल्लीच्या रोजच्या व्हॉल्यूमशी करावी. रोज 20 लाखांचे सौदे होत असताना 40 लाख सुटणार असतील तर दोन दिवसांचा प्रश्न. 8 कोटी सुटणार असतील तर सात-आठ आठवडे त्याच्या सावटात जातील.

त्या तारखेला शेअर पडेलच असं मात्र धरू नये. बाजाराला तारीख आधीपासून माहीत असते, त्यामुळे पडायचं ते बरेचदा आधीच पडून झालेलं असतं. गूगलचे 3.9 कोटी शेअर्स नोव्हेंबर 2004 च्या मध्यात सुटणार होते. शेअर 3 नोव्हेंबरला 201.60 चा उच्चांक करून तेव्हापासूनच घसरत होता, सुटल्यानंतर आठवड्याभरात 165.10 वर बंद झाला आणि तिथून सावरला. ही 18 टक्क्यांची माघार म्हणजे दुसऱ्या बेसची सुरुवात. 1 फेब्रुवारी 2005 च्या निकालानंतर तो पुन्हा 200 च्या वर गेला.

फेसबुकमध्ये हेच दोन तारखांना उलटसुलट घडलं. 16 ऑगस्ट 2012 ला 27 कोटींच्या आसपास शेअर्स मोकळे झाले, शेअर 6 टक्क्यांहून जास्त पडून 19.87 वर आला. 14 नोव्हेंबरला त्याच्या जवळपास तिप्पट, सुमारे 80 कोटी शेअर्स सुटले. सगळे पडझडीची वाट पाहत होते आणि शेअर त्या दिवशी साडेबारा टक्के वाढला. दोन्ही तारखांमधला फरक असा की ऑगस्टमध्ये भाव घसरणीच्या मध्यावर होता, तर नोव्हेंबरपर्यंत 17.55 चा तळ होऊन दोन महिने उलटले होते आणि तो पुन्हा तुटला नव्हता. विकणारे आले तेव्हा घेणारे आधीच तयार होते. फेसबुकचा खराखुरा बेस तिथे सुरू झाला, लिस्टिंगनंतर सहा महिन्यांनी. जुलै 2013 मध्ये एका निकालानंतर शेअर एका दिवसात जवळपास 30 टक्के वाढला, ऑगस्टच्या सुरुवातीला इश्यूच्या 38 वर बंद झाला आणि 11 सप्टेंबर 2013 ला, पहिल्या दिवसाच्या उच्चांकानंतर जवळजवळ सोळा महिन्यांनी, 45.04 वर.